खात्यावर नेमके काय लागले आहे?

आषाढ लागला की पेण, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यातल्या कारखान्यांत दोन कामे एकाच वेळी चालू होतात. आत कच्च्या मूर्तींना रंग चढत असतो आणि बाहेर कोणीतरी मोबाइलवर तयार मूर्तींचे फोटो आणि रील टाकत असतो. परदेशी जाणारा माल तोवर केव्हाच रवाना झालेला असतो. उरलेल्या मालाची पसंती आता मोठ्या प्रमाणात इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवरच होते. पनवेल, ठाणे, पुण्याचे घरगुती गिऱ्हाईक आधी रील पाहते आणि मग गाडी काढते. रोह्याच्या बाजारात हंगामी दुकान लावणारा विक्रेताही कारखान्यात येण्याआधी फोटो मागवतो.

नेमक्या याच दिवसांत या मासिकाकडे एक तक्रार वारंवार येते: “आमचे अकाउंट ब्लॉक झाले, पोस्ट कुणाला दिसत नाही.” पुढे विचारले की प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघते. एकाचा रील काढून टाकलेला असतो, दुसऱ्याचा रील जागेवर असून फक्त ओळखीच्यांनाच दिसत असतो, तिसऱ्याला कमेंट करता येत नसते आणि चौथ्याच्या खात्याला काहीच झालेले नसते, मागणीच ओसरलेली असते. या चारही प्रकारांवर ऐन हंगामात एकच उपाय केला जातो. एक तर नवे खाते काढायचे, नाहीतर “मी खाते सोडवून देतो” म्हणणाऱ्या कुणाला तरी पैसे द्यायचे. दोन्हींत नुकसान आहे, कारण खात्यावर काय लागले आहे हे सांगणारे पान त्याच अॅपमध्ये असते आणि ते कुणी उघडलेलेच नसते. या अंकात त्या पानाबद्दलच लिहायचे ठरवले आहे.

इन्स्टाग्राममध्ये आपल्या प्रोफाइलवर जा. उजव्या कोपऱ्यातल्या वरच्या तीन रेघा दाबा. यादी खाली सरकवत ‘More info and support’ या भागापर्यंत या. तिथे ‘Account Status’ अशी ओळ आहे. ती सापडली नाही तर त्याच यादीच्या वरच्या शोधपट्टीत हे दोन शब्द टाइप करा. अॅपच्या आवृत्तीनुसार मथळे थोडे बदलतात, पण रचना तीच राहते. पानावर साधारण चार ओळी दिसतात. काढून टाकलेला मजकूर म्हणजे ‘Removed content’, अनोळखी लोकांना न सुचवला जाणारा मजकूर म्हणजे ‘What can’t be recommended’, सध्या वापरता येत नसलेल्या सोयी म्हणजे ‘Features you can’t use’, आणि ‘Monetization’. मूर्तिकाराला शेवटच्या ओळीशी फारसे कर्तव्य नाही, कारण आपण रीलवर नव्हे तर मूर्तींवर पैसे मिळवतो. बाकीच्या तीन ओळींसमोर हिरवी खूण असेल तर तिथे काही नाही. खूण वेगळ्या रंगाची असेल तर त्या ओळीवर बोट ठेवून आत जायचे.

हे पान ज्याच्या हातात खाते आहे त्यालाच दिसते. आपल्याकडे कितीतरी कारखान्यांचे खाते भाचा किंवा पुतण्या काढून देतो, तो नोकरीला मुंबईकडे असतो आणि पासवर्ड त्याच्याच फोनमध्ये राहतो. मालकाला दिसतात त्या फक्त पोस्ट, खात्याची प्रकृती दिसत नाही. हंगामाआधी कारखान्यातल्या एका तरी फोनवर ते खाते उघडलेले असावे, असा आमचा आग्रह आहे.

आता नोंदी वाचायच्या कशा ते पाहू. त्यासाठी एक उदाहरण रचून घेऊ. रोह्यात हंगामी मूर्तिविक्री करणारे एक दुकान आहे असे धरा. माल हमरापूरच्या एका कारखान्यातला. दुकानाचे इन्स्टाग्राम खाते ‘बिझनेस’ प्रकारचे, तीनेक हजार अनुयायांचे. 2025 सालची चतुर्थी 27 ऑगस्टला होती; तर त्याआधी महिनाभर, जुलैच्या शेवटी, दुकानदाराच्या लक्षात येते की नव्या लोकांचे मेसेज यायचे थांबले. तो Account Status उघडतो आणि तीनही ओळींत काही ना काही सापडते.

पहिली ओळ उघडल्यावर एक रील दिसतो. मूर्ती टेम्पोत चढवतानाचे चित्रण, आणि त्यावर संगणकात जोडून टाकलेले एक लोकप्रिय चित्रपटगीत. गाण्याचे हक्क असलेल्या कंपनीने तक्रार केली आणि रील काढला गेला. या नोंदीत वाचायच्या गोष्टी तीन: कोणती पोस्ट, कोणत्या नियमाखाली, आणि कोणत्या तारखेला. यांतली मधली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मेटाच्या स्वतःच्या नियमांचा भंग वेगळा आणि तिसऱ्या व्यक्तीने केलेली कॉपीराइटची तक्रार वेगळी, कारण दोन्हींचे रस्तेच निराळे आहेत. नियमभंगाच्या नोंदीखाली निर्णय मान्य नसल्याचे कळवण्याचे बटण असते. ते दाबले की पोस्ट पुन्हा तपासली जाते. कॉपीराइटच्या तक्रारीत मेटा स्वतः निवाडा करत बसत नाही. नोटिशीत तक्रारदाराचे नाव आणि ईमेल असतो. तक्रार चुकीची वाटली तर त्याच्याशी बोलून ती मागे घ्यायला लावायची, किंवा आपल्याकडे परवानगी असेल तर ती दाखवून अपील करायचे. आपल्या दुकानदाराकडे परवानगी नाही. म्हणून त्याने अपील करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तीच तीच निराधार अपिले करून काही मिळत नाही, आणि कॉपीराइटच्या तक्रारी साचत गेल्या तर शेवटी खातेच बंद होऊ शकते.

गाण्याच्या बाबतीत आपल्या व्यवसायात एक गैरसमज घट्ट बसला आहे. शेजारच्या मुलाच्या रीलवर तेच गाणे चालते, मग आमच्या का नाही? कारण त्याचे खाते वैयक्तिक आहे आणि आपले व्यावसायिक. अॅपमधल्या गाजलेल्या गाण्यांचा परवाना वैयक्तिक वापरापुरता असतो. बिझनेस खात्याला म्हणूनच ती यादी दिसत नाही आणि Meta Sound Collection मधले संगीत वापरावे लागते. कधी कधी रील काढला जात नाही, नुसता आवाज बंद केला जातो. तशी सूचना आली म्हणजे खात्यावर डाग पडला असे नाही. आवाज काढून किंवा दुसरा लावून रील चालू ठेवता येतो. कारखान्यातला आवाज मात्र कुणाच्या मालकीचा नसतो. कारागीर आखणी करता करता बोलतो, मागे रंगाचा कॉम्प्रेसर चालतो, आणि हे सगळे तसेच ठेवले तर रील चालतो आणि गिऱ्हाइकालाही तेच ऐकायचे असते.

दुसरी ओळ. इथे आपल्या दुकानदाराला एक वाक्य दिसते, ज्याचा अर्थ असा की त्याचा मजकूर अनुयायी नसलेल्यांना सुचवला जात नाही. याला बंदी म्हणू नये. पोस्ट जागेवर आहे, अनुयायांना दिसते आहे, लिंक पाठवली तर उघडते आहे. थांबले आहे ते एक्सप्लोर, रील्सचा प्रवाह आणि सुचवलेली खाती यांतले दर्शन. मूर्तीच्या धंद्यात मात्र हीच ओळ सगळ्यांत महाग पडते, कारण नवे गिऱ्हाईक नेमके तिथूनच येते. जुने गिऱ्हाईक दरवर्षी त्याच कारखान्यात येते, त्याला रीलची गरज नसते.

कारण काय? नोंदीत आत गेल्यावर ज्या पोस्टमुळे हे झाले त्या दाखवल्या जातात. दुकानदाराने जूनपासून हमरापूरच्या कारखान्याचे रील उतरवून, जसेच्या तसे, आपल्या खात्यावर टाकलेले असतात. इन्स्टाग्रामने 2024 च्या एप्रिलमध्ये जाहीर केलेल्या नियमानुसार, जे खाते 30 दिवसांत 10 किंवा अधिक वेळा दुसऱ्याचा मजकूर स्वतःचे काही न घालता टाकते, त्याला शिफारशींतून वगळले जाते. असा शेवटचा रील टाकल्यानंतर 30 दिवसांनी ते पुन्हा पात्र होते. आपल्या उदाहरणातले अंकगणित इथे डोळ्यांसमोर ठेवा. शेवटचा उतरवलेला रील 25 जुलैचा असेल तर 30 दिवस 24 ऑगस्टला भरतात, आणि चतुर्थी 27 ला आहे. म्हणजे नुसते थांबून चालणार नाही. नोंदीत दाखवलेले रील आजच काढून टाकायचे आणि पुनर्तपासणीची मागणी करायची.

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतला हा फरक नीट लक्षात घ्यावा. पहिल्या ओळीतली पोस्ट आधीच काढलेली असते. ती आपण पुसली तरी नोंद आणि तिची गणती जात नाही. दुसऱ्या ओळीतली पोस्ट अजून आपल्या भिंतीवर आहे, आणि ती काढण्याने किंवा सुधारण्याने खरोखर फरक पडतो. नोंद न वाचता घाईघाईने सगळे पुसत सुटणारे लोक पहिल्या ओळीत काहीच मिळवत नाहीत, आणि ज्या रीलवर शंभर चौकशा आलेल्या असतात तोही त्या भरात गमावतात. काहीही हलवण्याआधी तिन्ही ओळींचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत.

दुकानदार म्हणेल, मूर्ती मी विकतो, कारखान्याच्या रीलवर माझा काय गुन्हा? व्यवहाराच्या नजरेने त्याचे म्हणणे खरे आहे, पण यंत्रणेला नात्याची कल्पना नसते. तिला एकाच चित्रणाच्या दोन प्रती दिसतात आणि पहिली कुणाची हे कळते. उपाय अॅपमध्येच आहे. कारखान्याने रील टाकताना ‘Invite collaborator’ मधून रोह्याच्या दुकानाचे खाते जोडायचे आणि दुकानाने ते स्वीकारायचे. मग एकच रील दोन्ही खात्यांवर, दोन्ही नावांनी दिसतो आणि नक्कल ठरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे दुकानाने स्वतःचे चित्रण करायचे: आलेला माल उतरवताना, मांडणी करताना, गिऱ्हाईक उंची मोजून मूर्ती निवडताना. तेच रोहेकरांना अधिक उपयोगी पडते.

याच जागी कारखानदारांनाही एक विनंती. कुणी आपले फोटो उचलले तर कॉपीराइटची तक्रार करण्याचा हक्क आहेच. छायाचित्र आणि शिल्प दोन्ही 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृती म्हणून येतात. पण ती व्यक्ती आपलाच माल विकणारी आहे का, हे आधी फोन करून पाहावे. आपण ऑगस्टमध्ये केलेल्या तक्रारीने आपल्याच विक्रेत्याच्या पहिल्या ओळीत नोंद पडते, आणि ती नंतर मागे घेईपर्यंत हंगाम निघून जातो.

तिसरी ओळ, ‘Features you can’t use’. आपल्या दुकानदाराला इथे कमेंट करण्यावर तात्पुरती मर्यादा दिसते. त्याने एका संध्याकाळी रोहा, नागोठणे, कोलाड परिसरातल्या अनेक खात्यांखाली “बुकिंग सुरू आहे, संपर्क करा” अशी एकच कमेंट चिकटवत नेली होती. यंत्रणेला ती स्पॅमसारखी वाटली. या ओळीत पाहायचे ते दोनच: कोणती सोय बंद आहे आणि कधीपर्यंत. मुदत लिहिलेली असेल तर ती संपेपर्यंत शांत बसणे हाच उपाय. दर दहा मिनिटांनी “सुरू झाले का” म्हणून पुन्हा प्रयत्न करणे म्हणजे ज्या वर्तनामुळे मर्यादा आली तेच वर्तन चालू ठेवणे. एखाद्या लाइक वाढवणाऱ्या अॅपला पासवर्ड दिला असेल तर तो लगेच बदलावा, कारण आपण झोपलेलो असताना ते अॅप आपल्या नावाने काम करत असते.

फेसबुक पेज चालवणाऱ्यांसाठी गणती थोडी अधिक स्पष्ट आहे. तिथे पेजची स्थिती पेजच्या सेटिंग्जमध्ये दिसते. मेटाने 2023 च्या फेब्रुवारीत जाहीर केलेल्या पद्धतीत पहिल्या नियमभंगाला इशारा मिळतो. दुसऱ्या ते सहाव्यापर्यंत एखादी ठरावीक सोय काही काळ बंद होऊ शकते. सातव्याला एक दिवस, आठव्याला तीन दिवस, नवव्याला सात दिवस आणि दहाव्यापासून 30 दिवस नवा मजकूर टाकता येत नाही. गंभीर गुन्ह्यांना हा जिना लागू नाही. तिथे थेट खाते जाते. प्रत्येक नोंद वर्षभराने गणतीतून उतरते. म्हणून नोंदीवरची तारीख वाचायची. गेल्या श्रावणातली नोंद या श्रावणात संपायला आलेली असते, आणि त्या भीतीने नवे पेज काढायचे काही कारण नसते. शिवाय मर्यादा चुकवण्यासाठी काढलेले नवे खाते हा स्वतःच नियमभंग धरला जातो, आणि जुने अनुयायी तर जातातच.

जाहिरातींची गोष्ट याहून वेगळी. पैसे देऊन ‘बूस्ट’ केलेली पोस्ट नाकारली गेली तर ती नोंद Account Status मध्ये शोधू नका. जाहिरात खात्याची स्थिती Business Support Home मध्ये असते, संगणकावर facebook.com/business-support-home या पत्त्यावर. तिथेही प्रश्न तोच: अडचण एका जाहिरातीवर आहे, जाहिरात खात्यावर आहे, की खाते चालवणाऱ्या माणसावर? एक जाहिरात नाकारली गेली तर ती दुरुस्त करून पुन्हा देता येते. माणसावर निर्बंध असेल तर मात्र त्याच माणसाने दुसरे जाहिरात खाते उघडले तरी निर्बंध त्याच्याबरोबर येतो, आणि पुनर्तपासणीची मागणी त्यालाच करावी लागते.

आता राहिला चौथा प्रकार, ज्याच्या खात्यावर काहीच नाही. तीनही ओळी हिरव्या आहेत आणि तरी चौकशा कमी आहेत. इथे दुसरा कागद वाचायचा, रीलखालचे ‘View insights’. त्यात पाहणाऱ्यांपैकी किती अनुयायी आणि किती अनुयायी नसलेले, अशी टक्केवारी असते. जुन्या चार-पाच रीलांची ही टक्केवारी कागदावर उतरवून ठेवा. समजा आधी निम्म्याहून अधिक पाहणारे अनोळखी होते आणि आता ते जवळजवळ शून्यावर आले, तर दुसऱ्या ओळीत काहीतरी असणार. पान पुन्हा उघडून बघा. पण प्रमाण तेच आहे आणि एकूण आकडा मात्र घटला, तर ते खात्याचे दुखणे नाही. चतुर्थीनंतर प्रत्येक वर्षी असेच होते. पितृपक्षात गणपतीची मूर्ती कोण शोधतो? मागणीच्या उतारावर ‘ब्लॉक’चे निदान करून खात्याशी खेळत बसणे हा आपल्या व्यवसायातला सगळ्यांत सामान्य अपव्यय आहे.

व्हॉट्सअॅप बिझनेसच्या बाबतीतही असाच घोळ होतो. ब्रॉडकास्ट यादीत 256 नावे बसतात, आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवलेला आहे. दोनशे जणांना कॅटलॉग पाठवला आणि चाळीस जणांनाच मिळाला, तर ती मर्यादा नाही. मूर्ती ठरवतानाच गिऱ्हाइकाला “नंबर सेव्ह करा” म्हणावे, एवढेच त्यावर औषध. खरोखर निर्बंध आला तर व्हॉट्सअॅप तसे स्वतः सांगते आणि किती वेळ आहे तेही दाखवते. त्या काळात नव्या नंबरशी बोलणे सुरू करता येत नाही, पण चालू असलेल्या संभाषणांत उत्तर देता येते. म्हणजे ज्यांचे पैसे जमा आहेत त्या गिऱ्हाइकांशी बोलणे तुटत नाही.

शेवटचा मुद्दा फसवणुकीचा, आणि तो हंगामात जोर धरतो. “तुमच्या पेजने नियम मोडला आहे, 24 तासांत खाली दिलेल्या लिंकवर खात्री करा, नाहीतर पेज कायमचे बंद” असा मेसेज येतो. त्याच्यावर निळे चिन्ह असते, नाव ‘सपोर्ट’सारखे काहीतरी असते. घाबरलेला माणूस लिंक उघडतो, पासवर्ड देतो, मोबाइलवर आलेला कोडही देतो, आणि दहा मिनिटांत खाते दुसऱ्याच्या ताब्यात जाते. त्याच खात्यावरून मग गिऱ्हाइकांकडे आगाऊ रक्कम मागितली जाते. असा मेसेज आला की लिंकला हात न लावता स्वतःच्या अॅपमधून Account Status उघडावे. खरा नियमभंग असेल तर तो तिथे लिहिलेला असतोच. ईमेल आला असेल तर Accounts Center, मग ‘Password and security’, मग ‘Recent emails’ असे जावे. इन्स्टाग्रामने गेल्या दोन आठवड्यांत पाठवलेले ईमेल तिथे दिसतात. दोन्ही ठिकाणी काही नसेल तर मेसेज खोटा. खाते खरोखर निलंबित झाले तर अॅप उघडतानाच ते पडद्यावर दिसते आणि अपिलासाठी 180 दिवस मिळतात, 24 तास नव्हे. पासवर्ड आधीच देऊन बसला असाल आणि कुणा गिऱ्हाइकाचे पैसे गेले असतील, तर त्याच तासाला 1930 वर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर गिऱ्हाइकांना दुकानाच्या दुसऱ्या नंबरवरून कळवावे की त्या खात्यावर कुणी आगाऊ रक्कम भरू नये.